उरलेल्या अक्षरांचा हिशोब: नागमोडी शब्दांची जाळी कशी सोडवावी

अक्षरांची एक जाळी असते. तिच्यात एकाच विषयावरचे शब्द वाकडेतिकडे वळत लपलेले असतात आणि एक लांब शब्द जाळीच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत जातो. न्यूयॉर्क टाइम्सने २०२४ च्या मार्चमध्ये 'स्ट्रँड्स' या नावाने हा खेळ आधी चाचणी म्हणून आणला आणि नंतर तो त्यांच्या रोजच्या शब्दखेळांत कायम झाला. ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनच्या पडद्यावर बोट नागमोडी फिरवणारी माणसं हल्ली मला सारखी दिसतात. त्यांतले बरेचजण एकाच जागी अडतात. ते जाळीत डोळ्यांनी शब्द शोधतात, चार-पाच सापडतात आणि मग उरलेल्या अक्षरांकडे नुसते बघत बसतात.

या खेळात शब्द दिसण्यापेक्षा अक्षरांचा हिशोब जास्त कामाला येतो. तो हिशोब कसा करायचा हे एका पूर्ण मराठी जाळीवर दाखवते. जाळी मीच बांधली आहे. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर मी अशा जाळ्या टाकत असते आणि लोक त्या कागदावर उतरवून सोडवतात. तुम्हीही कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण पुढचं सगळं बोट ठेवून बघण्याचं आहे.

नियम, लागतील तेवढेच

मूळ इंग्रजी जाळी आठ ओळी आणि सहा रकाने, म्हणजे ४८ अक्षरांची असते. एका अक्षरावरून शेजारच्या कुठल्याही अक्षरावर जाता येतं: आडवं, उभं, तिरकं. शब्दाच्या मध्येच कितीही वेळा वळता येतं. वर एक सूचक ओळ दिलेली असते आणि ती मुद्दाम आडवळणाची असते. विषयाचा शब्द सापडला की तो निळा होतो. कडेपासून कडेपर्यंत जाणारा लांब शब्द सापडला की तो पिवळा होतो. त्याला तिकडे 'स्पॅनग्राम' म्हणतात, मी त्याला लांब शब्द म्हणेन. तो विषयाचं नाव किंवा वर्णन असतो आणि दोन शब्द जोडूनही झालेला असू शकतो, मधली मोकळी जागा न धरता.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो बहुतेकजण वाचतात आणि विसरतात. जाळीतलं प्रत्येक अक्षर वापरलं जातं आणि ते एकाच शब्दात वापरलं जातं. भरतीचं अक्षर एकही नसतं. साध्या शब्दशोधात निम्मी जाळी कचरा असते. इथे तसं नाही. म्हणून 'हे अक्षर कुठल्या शब्दात जाईल?' हा प्रश्न प्रत्येक अक्षराला विचारता येतो आणि त्याचं उत्तर असतंच.

मराठी जाळीत मी एका घरात एक पूर्ण अक्षर ठेवते, म्हणजे मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं धरून. 'भाज्या' या शब्दाला दोन घरं लागतात, भा आणि ज्या. मराठी अक्षरात अशी जास्त माहिती भरलेली असल्यामुळे ४८ घरं फार होतात. सहा ओळी आणि पाच रकाने, एकूण ३० घरं पुरतात. इंग्रजीत शब्द किमान चार अक्षरांचा लागतो, इथे किमान तीन घरांचा धरला आहे.

जाळी

सूचक ओळ अशी: 'येऊरची टोपली'.

```
         १   २   ३   ४   ५
ओळ १    ळं  टो  क   भा  रं
ओळ २    व   ली  र   गी  भा
ओळ ३    शे  व   सा  न   ज्या
ओळ ४    पा  शी  ळी  रा  कु
ओळ ५    ड   क   मा  र   डू
ओळ ६    फो  टा  ळा  या  ळू
```

पुढे जाण्याआधी पाच-दहा मिनिटं स्वतः झटून बघायचं असेल तर इथे थांबा. खाली उत्तरं येतात.

आधी कोपरे

बहुतेकांची नजर जाळीच्या मध्यावर जाते, कारण तिथे शब्द पटकन दिसतात. या जाळीत बघा, तिसऱ्या ओळीतल्या 'सा' वरून डावीकडे 'व' आणि वर 'ली' घेतलं की 'सावली' होते. चौथ्या ओळीतल्या 'पा' पासून त्याच दोन घरांवरून 'पावली' होते. दोन्ही चांगले मराठी शब्द आहेत आणि दोन्ही विषयाचे नाहीत. मध्यातल्या घराला आठ शेजारी असतात, त्यामुळे तिथे योगायोगाने शब्द तयार होतात. कडेच्या घराला पाच शेजारी असतात. कोपऱ्याच्या घराला तीनच. म्हणजे कोपऱ्यातल्या अक्षराकडे पर्याय सगळ्यात कमी आणि ते कुठल्यातरी शब्दात गेलंच पाहिजे हे तर ठरलेलंच. सुरुवात तिथूनच करायची.

वरचा डावा कोपरा 'ळं' आहे. मराठी शब्द 'ळ' ने सुरू होत नाही, म्हणून हे घर शब्दाच्या मध्यात किंवा शेवटी आहे. अनुस्वार असलेलं 'ळं' बोलीत शेवटी येतं, जसं फळं, केळं. मध्यात ते क्वचितच बसेल. तर शेवट धरू. त्याच्या आधी काय येईल? शेजारी तीन: उजवीकडे 'टो', खाली 'व', तिरकं 'ली'. 'टोळं', 'वळं' की 'लीळं'? लिळं-बिळं काही जमत नाही. 'टोळं' च्या आधी येऊ शकणारी घरं म्हणजे क, र, ली, व. 'कटोळं', 'रटोळं'... नाही. 'वळं' च्या आधी ली, टो, शे आणि तिरकं दुसरं 'व' येऊ शकतात. 'शेवळं' लगेच कानाला लागतं.

पावसाच्या तोंडावर येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवरच्या बायका ठाण्याच्या बाजारात जे जांभळट कोंब जुड्या बांधून विकायला आणतात, तीच ही शेवळं. घशाला खाजू नयेत म्हणून त्यांच्यात काकडं नावाची आंबट रानफळं घालावी लागतात. सूचक ओळ 'येऊरची टोपली' आहे. दोन्ही जुळतात, म्हणून विषयाचा अंदाज बांधायला हरकत नाही: पावसाळ्यातल्या रानातल्या भाज्या.

इथे एक छोटी अडचण आहे. 'शे' ला लागून दोन 'व' आहेत, एक थेट वर (ओळ २, रकाना १) आणि एक उजवीकडे (ओळ ३, रकाना २). नजर तिसऱ्या ओळीत आडवं 'शेव' वाचते. पण त्या 'व' पासून 'ळं' पर्यंत जाता येत नाही, मध्ये एक ओळ राहते. तेव्हा वरचाच 'व' घ्यायचा. फोनवर खेळताना चुकीची वाट धरली तर ती निळी होत नाही आणि लगेच कळतं. कागदावर अडवणारं कोणी नसतं, म्हणून शब्द सापडला की 'याच अक्षराचं दुसरं घर शेजारी आहे का?' हे एकदा बघायची सवय लावून घ्या.

लांब शब्द शेवटाकडून

एक शब्द हाती आला आणि विषय उमगला की मी बाकीचे शब्द बाजूला ठेवून आधी लांब शब्दाच्या मागे लागते. शेताच्या मधोमध घातलेल्या बांधासारखा तो जाळीचे दोन भाग करतो आणि मग प्रत्येक भाग वेगळा सोडवता येतो. सगळ्यात शेवटी तो शोधणारे लोक हा फायदा गमावतात.

लांब शब्द किती लांब असला पाहिजे हे जाळीच्या मापावरून कळतं. इथे पाच रकाने आहेत, म्हणून डावीकडून उजवीकडे जायला किमान पाच घरं लागतात. वरून खाली जायला किमान सहा. इंग्रजी जाळीत हेच आकडे सहा आणि आठ होतात. म्हणजे तिथे तुम्हाला सुचलेला लांब शब्द सात अक्षरांचा असेल तर तो वरून खाली जाऊच शकत नाही. त्याची वाट डाव्या आणि उजव्या कडेच्या दरम्यानच शोधायची. वरून खाली जाणाऱ्या सगळ्या वाटा तिथल्या तिथे बाद होतात.

'रानभाज्या' हा शब्द विषयावरून सुचतो. रा, न, भा, ज्या. चारच घरं, म्हणजे कमी पडतात. पण त्याचा माग तर काढू. जाळीतलं सगळ्यात अवघड अक्षर निवडायचं आणि तिथून उलटं यायचं. इथे ते 'ज्या' आहे, अख्ख्या जाळीतलं एकच जोडाक्षर. ते तिसऱ्या ओळीत अगदी उजव्या कडेला आहे, हीच खूण. त्याचे शेजारी गी, भा, न, रा, कु. 'भाज्या' बनते. या 'भा' (ओळ २, रकाना ५) च्या तिरकं खाली 'न' आहे आणि 'न' च्या थेट खाली 'रा'. रानभाज्या जुळली.

आता ती 'रा' पासून सुरू होते आणि 'रा' चौथ्या रकान्यात आहे. उजवी कड गाठली, डावी कड अजून तीन रकाने लांब. म्हणजे 'रान' च्या आधी आणखी एक शब्द जोडलेला आहे आणि तो किमान तीन घरांचा आहे. वर्णन करणारा शब्द असणार, आणि त्याचं शेवटचं अक्षर 'रा' ला लागून. 'रा' च्या डावीकडे 'ळी' आहे. शेवट 'ळी', भाज्यांचं विशेषण, तीन किंवा जास्त घरं: 'पावसाळी'. 'ळी' च्या वर 'सा', त्याच्या डावीकडे 'व', तिरकं खाली 'पा'. आणि 'पा' पहिल्या रकान्यात. डावी कड लागली.

पावसाळी रानभाज्या, आठ घरं. वाट पेन्सिलीने अशी आखा: ओळ ४ रकाना १, ओळ ३ रकाना २, ओळ ३ रकाना ३, ओळ ४ रकाना ३, ओळ ४ रकाना ४, ओळ ३ रकाना ४, ओळ २ रकाना ५, ओळ ३ रकाना ५. 'सावली' आणि 'पावली' मधली घरं या वाटेत गेली, म्हणून ते दोन्ही शब्द आता आपोआप बाद.

बांधाच्या वरचा भाग

आता मोजा. ३० मधून आठ गेली, २२ उरली. बांधाच्या वर दहा, खाली बारा.

वरच्या दहा घरांकडे आधी आकडा म्हणून बघा. शब्द किमान तीन घरांचा आहे. तीन-तीनचे तीन शब्द घेतले तर नऊ होतात, एक घर उरतं, आणि घर उरू शकत नाही. म्हणजे वर निदान एक शब्द तीनपेक्षा मोठा आहे. अजून एकही नवा शब्द सापडलेला नाही, तरी हे पक्कं आहे. शेवळं काढून टाकली की सात उरतात: टो, क, भा, रं, ली, र, गी. सात म्हणजे तीन आणि चार, किंवा अख्खा एक सात घरांचा शब्द. रानभाजीचं सात घरांचं नाव मला तरी माहीत नाही, म्हणून तीन आणि चार धरून चालू.

पुन्हा कोपरा. वरचा उजवा 'रं'. त्याचे तीन शेजारी होते: दोन 'भा' आणि एक 'गी'. त्यांतला खालचा 'भा' लांब शब्दात गेला. उरले वरचा 'भा' (ओळ १, रकाना ४) आणि 'गी'. 'भारंगी' दुसरं काही होऊच देत नाही. कोवळी पानं चिरून, पिळून, डाळ घालून करतात ती कडसर भाजी.

इथे जरा रेंगाळते, कारण या जाळीत लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. लांब शब्द शोधायच्या आधीच भारंगी दिसते, आणि खालचा 'भा', वर 'रं', तिरकं 'गी' अशीही ती वाचता येते. शब्द बरोबर, वाट चुकीची. तसं केलं की वरचा 'भा' मोकळा राहतो. मग 'रानभाज्या' जुळवायला गेलं की 'न' पासून वरच्या 'भा' पर्यंत पोचता येत नाही, मध्ये 'गी' ची ओळ येते. आणि 'ज्या' च्या शेजारी एकही 'भा' शिल्लक राहत नाही. या गोंधळाचं लक्षण ठरलेलं असतं: एक अक्षर असं उरतं की त्याच्या शेजारच्या कुठल्याच मोकळ्या घराबरोबर त्याचं काही जमत नाही. असं दिसलं की नवे शब्द शोधत बसू नका. त्या अक्षराच्या आजूबाजूला आधी सोडवलेल्या शब्दांत तेच अक्षर दुसऱ्या घरातून घेतलेलं आहे का ते तपासा. दोन सारख्या अक्षरांतलं कुठलं घ्यायचं हे ज्याला पर्याय कमी त्या शेजाऱ्याकडून ठरतं. इथे 'ज्या' ला एकच 'भा' मिळू शकतो, 'रं' ला दोन. म्हणून आधी 'ज्या' चं भागवायचं.

उरली चार घरं: टो, क, ली, र. चारचा शब्द लागणार हे आधीच माहीत होतं. 'करटोली'. पहिल्या ओळीतला 'क', खाली 'र', तिरकं वर 'टो', खाली 'ली'.

शेजारच्या काकूंनी मला ही जाळी बघून विचारलं होतं, "अगं, आम्ही तर कंटोली म्हणतो, मग ती कुठे आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. ही भाजी कुठे कंटोली, कुठे करटोली, कुठे कर्टुली आहे. मनात 'कंटोली' घट्ट बसलेली असेल तर माणूस जाळीत 'कं' शोधत राहतो, तो मिळत नाही, आणि ही भाजी इथे नाहीच असं ठरवून पुढे जातो. उपाय घरांच्या मोजणीतच आहे. तीन घरांच्या 'कंटोली' साठी चार घरं आणि एक जास्तीचा 'र' उरलेला दिसला की त्याच वस्तूचं दुसरं नाव आठवायचं. इंग्रजीतही हे घडतं: अमेरिकन स्पेलिंगमध्ये आपल्या सवयीचा 'यू' नसतो, आणि 'कलर' मध्ये तो शोधत बसलात तर शब्द हातचा जातो.

बांधाच्या खालचा भाग

खाली बारा घरं: चौथ्या ओळीतली 'शी' आणि 'कु', पाचवी ओळ पूर्ण, सहावी ओळ पूर्ण. बारा म्हणजे तीनचे चार शब्द किंवा चारचे तीन, किंवा काही मिश्रण. आकड्यावरून फारसं कळत नाही, म्हणून घरांकडे वळू.

बांध घातल्यावर मुळात कोपऱ्यात नसलेली घरंसुद्धा कोपऱ्यात अडकतात. 'कु' बघा. ते उजव्या कडेला आहे, मुळात त्याला पाच शेजारी होते. त्यांतले न, ज्या, रा लांब शब्दात गेले. उरले फक्त 'र' (ओळ ५, रकाना ४) आणि 'डू'. 'कुरडू'. वर दुसऱ्या ओळीतही एक 'र' होता, पण तो बांधाच्या पलीकडे आहे, त्याचा इथे विचारच करायचा नाही. ही सोय बांधामुळेच होते.

कुरडू गेलं की खालचा उजवा कोपरा 'ळू' एकटा पडतो. त्याच्या तीन शेजाऱ्यांपैकी 'र' आणि 'डू' वापरले गेले, राहिला फक्त 'या'. शब्द 'ळू' ने सुरू होत नाही, म्हणून शेवट '-याळू'. 'या' ला लागून मोकळी घरं दोन: मा आणि ळा. 'मायाळू'. जाडसर, बुळबुळीत पानांची वेल, हिची भजीसुद्धा छान होतात.

आता उरली डावीकडची सहा घरं: शी, ड, क, फो, टा, ळा. या जाळीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, कारण इथे माहीत नसलेला शब्दही सापडतो. समजा तुम्ही वाशीच्या एखाद्या उंच इमारतीत लहानाचे मोठे झालात आणि रानभाज्यांपैकी फारशी नावं तुम्हाला ठाऊक नाहीत. तरीही पुढे जाता येतं.

'ळा' (ओळ ६, रकाना ३) पासून सुरू करा. 'मा' आणि 'या' गेल्यामुळे त्याला मोकळे शेजारी दोनच: 'क' आणि 'टा'. शब्द किमान तीन घरांचा आहे आणि 'ळा' ने सुरू होत नाही. तीन घरांचा धरला तर दोन शक्यता ठळक दिसतात: टा, क, ळा किंवा क, टा, ळा. 'टाकळा' की 'कटाळा'? पहिला ओळखीचा वाटतो, आणि पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला उगवतो तो टाकळा निदान नावाने तरी पुष्कळांना माहीत असतो.

तो गेला की तीनच घरं राहतात: फो, ड, शी. 'फो' खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे, 'शी' चौथ्या ओळीत. दोघं एकमेकांना लागून नाहीत. म्हणजे 'ड' मध्येच असायला हवा. मग शब्द 'फोडशी' तरी आहे किंवा 'शीडफो' तरी. कधी न ऐकलेलं नावसुद्धा इथे चुकायला जागा नाही. फोडशी ही गवतासारख्या लांब पात्यांची भाजी. बाजारात कांद्याची पात समजून लोक तिच्यावरून पुढे निघून जातात.

३० घरं, सात शब्द आणि एक लांब शब्द. काही उरलं नाही.

इशारा कधी घ्यावा

इंग्रजी खेळात विषयाबाहेरचा पण खरा शब्द, चार किंवा जास्त अक्षरांचा, सापडला तर तो इशाऱ्याच्या खात्यात जमा होतो. असे तीन झाले की एक इशारा मिळतो. इशारा घेतला की विषयातल्या एका शब्दाची अक्षरं वेगळी उठून दिसतात, पण कुठल्या क्रमाने ते सांगत नाहीत. तो शब्द न सोडवता दुसरा इशारा घेतला तर त्याच शब्दाचा क्रमही दाखवतात. कितीही चुका झाल्या तरी खेळ बंद पडत नाही.

म्हणून मध्यावर दिसणारे 'सावली', 'पावली' असे शब्द वाया गेले म्हणून हिरमुसायचं कारण नाही, ते इशाऱ्याच्या खात्यात जमा झाले. मात्र इशारा जमला की लगेच वापरायची घाई करू नका. तो कुठला शब्द दाखवेल हे आपल्या हातात नसतं. सुरुवातीलाच घेतला तर जो शब्द तुम्ही पाच मिनिटांत काढला असता तोच दाखवला जाण्याची शक्यता मोठी असते. त्याचा खरा उपयोग दोनच वेळी होतो. एक, विषयच समजलेला नाही आणि एकही निळा शब्द नाही, तेव्हा. दोन, लांब शब्द सापडला, एका बाजूला आठ-दहा अक्षरं उरली आणि कुठल्याच कोपऱ्यातून वाट निघत नाही, तेव्हा.

इशाऱ्याने अक्षरं दाखवली की त्यांचा क्रम लावताना 'फोडशी' सारखंच करा. कुठली दोन अक्षरं एकमेकांना लागून नाहीत ते आधी बघा. एका बाजूनेच जोडलेलं अक्षर टोकाला असणार, दोन बाजूंनी जोडलेलं बहुधा मध्ये.

इंग्रजी जाळीवर जाताना

वरची रीत तशीच लागू होते, फक्त खुणा बदलतात. 'ळ' किंवा 'ण' ने शब्द सुरू होत नाही ही मराठीची सोय तिकडे नाही. त्याऐवजी 'क्यू' बघा, त्याच्या शेजारी 'यू' असला तर पुढचं घर बहुधा तेच. 'झेड', 'जे', 'एक्स' ही अक्षरं दिसली की आपल्या 'ज्या' सारखी वागवा, तिथून उलटा माग काढा. कोपऱ्यात 'जी' आणि त्याच्या लगत 'एन', 'आय' असतील तर '-इंग' शेवट धरून बघा. कोपऱ्यातला 'एस' अनेकदा अनेकवचनाचा असतो, आणि एक शब्द अनेकवचनी निघाला तर त्याच जाळीतले बाकीचेही बरेचदा तसेच असतात.

इंग्रजी जाळीत बांध घालून झाल्यावर उरलेले कप्पे नीट बघा, कारण तिथे किमान चार अक्षरं हवीत. लांब शब्दाची वाट आखल्यावर एखाद्या कोपऱ्यात तीनच अक्षरं चहूबाजूंनी कोंडली गेली, तिरकंही बाहेर पडता येत नसेल, तर शब्द बरोबर असला तरी वाट चुकली आहे. तेच अक्षर शेजारी दुसऱ्या घरात आहे का बघा आणि वाट तिकडून फिरवा. पाच, सहा किंवा सात अक्षरं कोंडली गेली असतील तर तो एकच शब्द आहे, कारण त्यांचे दोन भाग केले तर एक चारपेक्षा लहान होतो. आठ झाली की दोन शब्दांची शक्यता सुरू होते, चार आणि चार. आपल्या मराठी जाळीत तोच हिशोब तीनचा आहे: चार किंवा पाच घरांचा कप्पा म्हणजे एकच शब्द, सहापासून पुढे दोन शब्दांची शक्यता.